उपरोक्त विषयास अनुसरून

दिवाळीची सुट्टी संपते, चिवड्याच्या डब्याच्या तळाला नुसता पोह्यांचा चुरा उरतो आणि शाळा प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिका घरी पाठवते. दप्तरातून त्या बाहेर यायचा एक ठरलेला क्रम असतो. आधी चित्रकला. मग मराठी, हिंदी, विज्ञान. इतिहासाची उत्तरपत्रिका जेवताना ताटाशेजारी येते, कारण तेव्हा आईचे हात पोळीच्या पिठात असतात. गणिताची मात्र ‘सरांनी अजून दिलीच नाहीये’. दुसऱ्या दिवशी ती डब्याच्या पिशवीत, रुमालाखाली, भाजीच्या तेलाचा एक पारदर्शक डाग लेवून सापडते. त्या रात्री महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत वर्गशिक्षिकेला ई-मेल लिहायला घेतला जातो.

पूर्वी हे काम दैनंदिनीच्या ‘पालकांचा अभिप्राय’ या रकान्यात उरकत असे. दोन ओळींची जागा, त्यातली एक सहीतच जायची. पालकांना फार काही म्हणायचं असेल तर ते वडाच्या झाडाखाली, शाळा सुटायच्या वेळी म्हणत. आता शाळांनी परिपत्रकं काढून कळवलंय, की शिक्षकांना मोबाईलवर फोन करू नये, मेसेज करू नयेत, शाळेच्या पत्त्यावर ई-मेल करावा. ई-मेलला रकाना नसतो. मराठी पालकाला जागा मोजून दिली नाही तर काय होतं, ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीतलं घर, सेमी-इंग्रजी शाळा, सातवीतला मुलगा. नाव सोडून देऊ, चिरंजीव म्हणू. मराठी, इतिहास, भूगोल मराठीतून. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. जुलैअखेरच्या पहिल्या घटक चाचणीत चिरंजीवांना गणितात २० पैकी १८ होते. सप्टेंबरमध्ये परिमेय संख्यांवर एक छोटी चाचणी झाली, तिच्यात १० पैकी ६. आणि आता प्रथम सत्र परीक्षेत ५० पैकी २९. आजीला वाटलं, अठराचे एकोणतीस झाले म्हणजे प्रगतीच आहे. तिचा गैरसमज कोणी दूर केला नाही. तेवढाच घरात एक जीव सुखी.

पुढे निकालपत्र येणार, त्यात गुणांच्या जागी श्रेणी असणार. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन महाराष्ट्रात २०१० पासून आहे. त्यात सातवीला वर्षभराच्या बारीकसारीक कामांचे, म्हणजे आकारिक मूल्यमापनाचे ४० टक्के आणि लेखी परीक्षेचे, म्हणजे संकलितचे ६० टक्के धरतात. मिळून ८१ ते ९० आले तर अ-२, ५१ ते ६० आले तर क-१. श्रेणीशेजारी वर्णनात्मक नोंद असते. ‘गणिती क्रियांमध्ये सुधारणा आवश्यक’, ‘उदाहरणे सोडवण्याचा प्रयत्न करतो’ अशा नोंदींच्या तयार याद्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत असतात आणि त्यांतली कुठलीही नोंद कुठल्याही मुलाला बसते. पंचांगातल्या राशिभविष्यात निदान ‘प्रवासाचे योग’ तरी असतात. तेव्हा नक्की काय बिघडलंय ते निकालपत्रातून कळायचं नाही, भेटायला लागणार, हे आईचं म्हणणं बरोबरच होतं.

पहिला मसुदा आईने लिहिला. रात्री, मोबाईलवर, अंगठ्याने. त्याची सुरुवात ‘नमस्कार बाई, त्रास देतेय त्याबद्दल सॉरी’ अशी होती आणि तिसऱ्या वाक्यात चिरंजीव अडीच वर्षांचे होते. त्या वयात ते शंभरपर्यंत आकडे म्हणत, मध्ये सत्त्याहत्तर गाळून. मग ॲबॅकसच्या चार लेव्हल आल्या. मग पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या दिवशी आलेला ताप. मग जूनपासून शेजारी बसणारा एक मुलगा, ज्याच्याबद्दल ‘मला कोणाच्या मुलाबद्दल बोलायचं नाही’ असं म्हणून आई बारा ओळी बोलली होती. ‘त्याला सगळं येतं हो, पण सिली मिस्टेक्स फार करतो’ हे वाक्य दोनदा होतं. शेवट होता : ‘तरी कृपया लक्ष द्यावे.’

या मजकुरात माया होती, इतिहास होता, थोडं राजकारणही होतं. भेटीची वेळ मात्र कुठेच मागितलेली नव्हती. ‘कृपया लक्ष द्यावे’ याला बाई काय उत्तर देणार? ‘हो, देते.’ आणि त्या देतातही, कारण लक्ष देण्याला तारीख-वार लागत नाही.

बाबांनी तो वाचला आणि लॅपटॉप उघडला. बाबा हिंजवडीच्या एका कंपनीचं काम घरून करतात आणि दिवसभर ई-मेलच लिहितात, त्यामुळे घरात या विषयातले तज्ज्ञ तेच. त्यांचा मसुदा अर्थातच इंग्रजीत होता. आपण बरे असाल अशी आशा, मग आपल्या कृपाळू नजरेस आणून देणे, मग ‘सिग्निफिकंट ड्रॉप’, मग ‘रूट कॉज ॲनालिसिस’, मग शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ‘ॲक्शन प्लॅन’ची अपेक्षा. एक आलेख जोडला होता, तीन बिंदूंचा, लाल रेघ खाली जाणारी. प्रत मुख्याध्यापिकांना. प्रत संस्थेच्या सचिवांना. आणि चौथ्या परिच्छेदात शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २४ : शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती पालकांना देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

कलम खरं आहे. २४(१) मधल्या (इ) या पोटकलमात ते असंच आहे, बाबांनी शोधून काढलं त्याला दाद द्यायला हवी. अडचण एवढीच, की बाईंनी अजून भेटायला नकार दिलेला नव्हता. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

“मुख्याध्यापिकांना कशाला प्रत?” आईने विचारलं.

“प्रेशर राहतं.”

“अहो, बाईंनी काय केलंय? बाई मराठी शिकवतात.”

हे बाबांना माहीत नव्हतं. वर्गशिक्षिका म्हणजे सगळं त्याच शिकवत असणार, अशी त्यांची चौथीपर्यंतच्या अनुभवावरून समजूत होती. आपल्याकडे वरच्या वर्गांत प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात. वर्गशिक्षिका हजेरी, फी, सहल, आजारपण, हरवलेले स्वेटर आणि पालक एवढे विषय सांभाळते, शिवाय स्वतःचा एक. गणितातल्या गुणांबद्दल तिला लिहायचं ते ती गणिताच्या सरांना गाठून वेळ जुळवते म्हणून. तिला लाल रेघ पाठवणं म्हणजे पोस्टमनला पत्रातल्या मजकुराचा जाब विचारणं.

इथे आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून ते निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण कोणी मसुदा म्हटलं की त्यांचा उजवा हात अजून समास पाडायला निघतो.

“विषय काय टाकलायस?” त्यांनी विचारलं.

बाबांनी विषयाच्या ओळीत ‘रिगार्डिंग माय सन’ असं टाकलं होतं. आईच्या मसुद्याला विषयच नव्हता.

“कोणाचा सन? त्यांच्याकडे किती आहेत सन?”

प्रश्न रास्त होता. शिक्षण हक्क कायद्यानेच सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ मुलं असं प्रमाण घातलंय, पण चिरंजीवांच्या वर्गात ५४ मुलं आहेत, त्यांत तीन आरव, दोन अर्णव आणि एक आरुष. ई-मेल शाळेच्या सामाईक पत्त्यावर जातो. तो सकाळी कार्यालयातले क्लार्क उघडतात आणि कोणत्या वर्गाचा आहे ते बघून पुढे पाठवतात किंवा छापून शिपायाकरवी वर्गावर धाडतात. ‘माझा मुलगा’ या विषयाचा ई-मेल, पाठवणाऱ्याच्या जागी बाबांच्या नावाची आद्याक्षरं आणि जन्मसाल. क्लार्कने तो कोणत्या वर्गात पाठवावा? बाबांच्या मसुद्यात कायद्याचं कलम, पोटकलम, आलेख सगळं होतं. इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक नव्हता.

“आणि कलम काढ,” आजोबा म्हणाले. “पहिल्या पत्रात कलम लावायचं नसतं. लावलंस तर तिसऱ्या स्मरणपत्राला काय लावशील?”

चाळीस वर्षांच्या नोकरीचं सार एका वाक्यात आल्यामुळे बाबा गप्प बसले. आजोबांनी पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं : विषय, संदर्भ १, संदर्भ २, संदर्भ ३, महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून. सरकारी पत्राची ही चौकट आपण सगळ्यांनी मिळून इतकी हसण्यावारी नेलीय, की ती का बनली हेच विसरायला झालंय. ती अशा माणसासाठी बनली, ज्याच्या टेबलावर असे पन्नास कागद आहेत, ज्याला पत्र लिहिणाऱ्याचा चेहरा आठवत नाही आणि ज्याला मजकूर वाचायच्या आधी हे कोणत्या फायलीत लावायचं ते ठरवायचं आहे. म्हणजे हुबेहूब वर्गशिक्षिकेसाठी. गोडवा आईने घातला, ‘सविनय’ आणि ‘विनम्र’ यांतलं एक तिने काढून टाकलं, टाइप बाबांनी केलं. शेवटी गेला तो ई-मेल असा होता :

विषय : इयत्ता ७ वी ब, हजेरी क्र. २३ – गणितातील गुणांबाबत भेटण्यासाठी वेळ मिळावी

सौ. बाई, सप्रेम नमस्कार.

चिरंजीवांचे या वर्षीचे गणिताचे गुण असे आहेत : पहिली घटक चाचणी २० पैकी १८, परिमेय संख्यांची चाचणी १० पैकी ६, प्रथम सत्र ५० पैकी २९. बाकी विषयांत फरक पडलेला नाही. उत्तरपत्रिका आम्ही घरी पाहिली, पण चुका एकाच प्रकारच्या आहेत की वेगवेगळ्या, हे आम्हाला ठरवता येत नाही.

आपण आणि गणिताचे सर यांनी मिळून पंधरा मिनिटं दिलीत तर बरं होईल. आम्हाला मंगळवारी किंवा गुरुवारी शाळा सुटल्यावर, किंवा शनिवारी सकाळी येता येईल. तिन्ही उत्तरपत्रिका सोबत आणू. घरी गणिताचा अभ्यास रोज अर्धा तास त्याचे बाबा घेतात.

खाली दोघांची नावं आणि एकच मोबाईल नंबर, आईचा. कारण बाबांचा नेहमी मीटिंगमध्ये असतो.

शेवटचं वाक्य आईने घातलं होतं, बाबांना श्रेय मिळावं म्हणून. पुढे सगळं प्रकरण त्याच वाक्यापाशी येऊन थांबणार होतं, पण हे तेव्हा कोणाला ठाऊक?

रात्री पावणेबाराला पाठवू नकोस, सकाळी पाठव, असं आजोबांनी सांगूनही बाबांनी ११.५२ ला पाठवला. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी, मधल्या सुट्टीनंतर आलं : ‘गुरुवारी ५.४० ला या. सरांशी बोलले आहे. सहावीची वही असेल तर आणा.’ शाळेकडून आलेल्या उत्तरांत हे विक्रमी वेगाचं मानायला हवं. बाईंना करायचं होतं ते एवढंच : सरांना विचारणं, तीनपैकी एका वारावर खूण करणं. वेळ मोघम मागितली असती, म्हणजे ‘आपल्या सोयीने कधीही’, तर ती सोय मार्चपर्यंत सापडली नसती. शिक्षकाच्या सोयीचा वेळ यू-डायसची माहिती भरणं, आधारच्या नावातली एक वेलांटी जुळवणं आणि कुठल्यातरी निवडणुकीचं प्रशिक्षण यांच्या मधल्या फटीत असतो.

गुरुवारी शिक्षकखोलीत चौघे बसले, चिरंजीव दाराबाहेर दप्तर पाठीवर घेऊन भिंतीवरच्या थोर पुरुषांचं निरीक्षण करत उभे राहिले. बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक पालकसभेत पहिला असतो :

“हायेस्ट किती आहे?”

सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. या प्रश्नाचं उत्तर कुठलाही अनुभवी शिक्षक लगेच देत नाही, कारण त्याच्या मागोमाग ‘कोणाला?’ येतं आणि पंधरांतली दहा मिनिटं त्या हुशार मुलीच्या क्लासची चौकशी करण्यात जातात. सरांनी उत्तरपत्रिका उघडली आणि लाल पेनाऐवजी शिसपेन्सिल घेतली.

“एकवीस गुण गेलेत,” ते म्हणाले. “पाच एका उदाहरणाचे, ते सोडवलंच नाही, वेळ संपला. तीन कोनांच्या आकृतीत. राहिले तेरा. हे तेरा बघा कुठे गेलेत.”

त्यांनी पहिली खूण केली. प्रश्न होता -2/5 - 1/5. चिरंजीवांचं उत्तर 3/5. हवं होतं -3/5.

दुसरी खूण. -4x - 6x ची बेरीज चिरंजीवांनी 10x केली होती. हवी होती -10x.

तिसरी खूण जरा लांबलचक उदाहरणाला. 5x - 4y मधून 2x + 6y वजा करा. चिरंजीवांनी कंस सोडवला होता, आतली चिन्हं बरोबर बदलली होती, खाली नीट 3x - 4y - 6y लिहिलं होतं, आणि मग त्याखाली ठळक अक्षरांत, दुहेरी रेघ मारून, 3x + 10y. तीन पायऱ्या बरोबर, चौथीत बुडाले. पायऱ्यांचे गुण सरांनी दिले होते.

“सिली मिस्टेक,” आई हळूच म्हणाली.

“ताई, सिली मिस्टेक एकदा होते, फार तर दोनदा,” सर म्हणाले. “ह्याने सगळीकडे हेच केलंय. आणि आता हे बघा.” त्यांनी पहिली घटक चाचणी वर घेतली, ती अठरा गुणांची. तिच्यात पूर्णांकांचे गुणाकार-भागाकार होते. (-3) × (-5) बरोबर 15. (-48) ÷ (-6) बरोबर 8. चिन्हाची एकही चूक नाही. “धांदरट मुलगा सगळीकडे धांदरट असतो. हा एका जागी शंभर टक्के बरोबर आहे आणि दुसऱ्या जागी शंभर टक्के चूक. म्हणजे तो काहीतरी नियमाने करतोय.”

बाईंनी सहावीची वही मागितली. आई लोकांकडे मागच्या वर्षीच्या वह्या असतातच. ही तर कव्हरासकट होती. पूर्णांकांच्या प्रकरणात, सहावीच्या गोलमटोल अक्षरात लिहिलेलं होतं : -3 - 5 = -8. शेजारी संख्यारेषा, तीन घरं डावीकडे, आणखी पाच घरं डावीकडे, छोट्या छोट्या उड्यांच्या कमानी. वही चाळली तर असली पंधरावीस उदाहरणं, सगळी बरोबर.

म्हणजे हे सहावीत येत होतं आणि सातवीत येईनासं झालं. बाबांनी ‘मोबाईल’ असा एक शब्द उच्चारला आणि आईकडे पाहिलं.

सरांनी चिरंजीवांना आत बोलावलं. कोऱ्या कागदावर दोन उदाहरणं लिहिली, शेजारीशेजारी. (-3) × (-5). चिरंजीवांनी पेन न टेकवता सांगितलं, पंधरा. मग -3 - 5. तेही त्याच झोकात : आठ.

“कसे रे आठ?”

“मायनस मायनस प्लस, सर.” चिरंजीव म्हणाले. ‘शुभं करोति’च्या चालीवर नव्हे, पण साधारण त्याच श्रद्धेने.

तर हे असं होतं. सहावीत पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी शिकवतात, सातवीच्या दुसऱ्याच प्रकरणात गुणाकार-भागाकार येतो आणि त्याबरोबर तो नियम येतो : दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन असतो. नियम बरोबर आहे. पण पूर्ण वाक्य लांब असतं, ते तोंडात बसत नाही, म्हणून कोणीतरी त्याचं ‘मायनस मायनस प्लस’ करून देतं. त्यात गुणाकार हा शब्द गळतो. आता मुलाला एका ओळीत दोन मायनस दिसले, की तो प्लस देऊन मोकळा. गुणाकाराच्या चाचणीत तो अठरा आणतो, कारण तिथे सगळा गुणाकारच असतो. पुढे परिमेय संख्यांची बेरीज-वजाबाकी येते तेव्हा सहा होतात. बैजिक राशी येतात आणि एकोणतीस होतात. गुण घसरायला लागले ते मुलाने अभ्यास सोडला म्हणून नव्हे, एक नवी गोष्ट फारच चांगली पाठ केली म्हणून. सहावीतलं ज्ञान सातवीतल्या ज्ञानाने खाल्लं. सर म्हणाले, वर्गात दरवर्षी सातआठ जण निघतात, आणि ते बहुतेक पाठांतरात पक्के असतात.

“पण मी वर्गात असं कधी शिकवत नाही,” सर पुढे म्हणाले. “मी पूर्ण वाक्य म्हणायला लावतो. घरी कोण घेतं याचा?”

बाई ई-मेलच्या छापील प्रतीकडे बघत होत्या. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी आधीच, मराठीच्या शिक्षिकेच्या सवयीने, रेघ मारून ठेवली होती.

बाबांनी घसा साफ केला. ऑगस्टमध्ये स्कूटरवरून क्रिकेटच्या कोचिंगला सोडताना ते रोज म्हणून घ्यायचे. सिग्नलला बाबा म्हणायचे ‘मायनस मायनस?’ आणि मागून आवाज यायचा ‘प्लस!’ शेजारच्या रिक्षातले लोकही कौतुकाने बघायचे.

रूट कॉज ॲनालिसिस एकूण अकरा मिनिटांत झालं.

त्यानंतर सरांनी इलाज सांगितला. तोही साधाच, पण त्यात मेख होती. नुसती वजाबाकीची उदाहरणं घालून उपयोग नाही. पानभर बेरीज असली की मूल पानापुरतं सुधारतं. रोज दहा उदाहरणं द्यायची, पाच गुणाकाराची आणि पाच बेरीज-वजाबाकीची, सरमिसळ. सोडवायच्या आधी प्रत्येकाला मोठ्याने नाव द्यायचं : हा गुणाकार, ही बेरीज. उत्तर चुकलं तरी चालेल, नाव चुकता कामा नये. अडलं तर संख्यारेषा काढायची. आणि पटत नसेल तर उधारी. वाण्याकडे तीन रुपये उधार आहेत, आज आणखी पाच रुपयांची गोळी उधार आणली, आता काय?

“आता माझ्याकडे आठ रुपये आहेत?” चिरंजीवांनी विचारलं, पण विचारतानाच त्यांचा आवाज खाली आला. या हिशेबाने वाणी बुडणार, हे त्यांना वाक्याच्या मध्येच दिसलं असावं.

उठताना सरांनी एक इशारा दिला, आणि तो निकालपत्रावर कुठेही छापलेला नसतो. डिसेंबरअखेर दुसरी घटक चाचणी आहे. तिला समप्रमाण-व्यस्तप्रमाण आणि बँक व सरळव्याज ही प्रकरणं आहेत. बँकेच्या व्याजात ऋण संख्या येत नाहीत. तेव्हा तुम्ही घरी काहीही केलंत किंवा नाही केलंत, तरी त्याचे गुण वाढणार. ते बघून दहा उदाहरणं बंद करू नका. खरी परीक्षा चौदाव्या प्रकरणात आहे, वर्गविस्तार, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल. (a - b) ला (a - b) ने गुणायचं. त्यातून एका ओळीत -ab - ab आणि शेवटी (-b) × (-b) असं दोन्ही येतं. एकाची बेरीज करायची आणि दुसऱ्याचा गुणाकार, एकाचं ऋण राहतं आणि एकाचं धन होतं. ज्याला फरक कळलाय तो a² - 2ab + b² लिहितो. ज्याला कळलेला नाही त्याच्याकडे जगातलं सगळं प्लस होतं.

सर म्हणाले तसंच झालं. डिसेंबरमध्ये २० पैकी १८. घरात पेढे आले. बाबांनी तीन बिंदूंच्या आलेखात चौथा घातला, रेघ वर गेली, रंग हिरवा केला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. नागपूरच्या मावशीने फुलांचा गुच्छ पाठवला. आजीने मात्र विचारलं, की एकोणतीसवरून अठरावर आला, तर पेढे कसले?

शाळेला आभाराचा ई-मेल पाठवायचं ठरलं. ‘संदर्भ : आमचे नोव्हेंबरमधील पत्र’ असं आजोबांनी सुचवलं, ते घेतलं गेलं. बाकी मजकूर बाबांचा होता, आणि चांगल्या गोष्टी वरच्यांना कळायला हव्यात म्हणून या वेळी त्यांनी मुख्याध्यापिकांना प्रत ठेवलीच. संध्याकाळी सरांचं एका ओळीचं उत्तर आलं, सगळ्यांना प्रत ठेवून : ‘अभिनंदन. -ab - ab किती होतात, ते चिरंजीवांना विचारून कळवावे.’

चिरंजीव खाली खेळायला गेले होते. एवढ्यासाठी त्याला कशाला वर बोलवायचं, म्हणून बाबांनी ‘सर्वांना उत्तर’ दाबलं, टाइप केलं ‘2ab’, आणि पाठवून दिलं.